डेडलिफ्टच्या दिवसाचा वॉर्मअप आणि स्क्वॉटच्या दिवसाचा वॉर्मअप

प्रश्न: सर, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा, वय २३. सकाळी उठल्या उठल्या पाचला जिमला जातो. मोबाईलवर पाहून रोज तोच अर्ध्या तासाचा वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग करतो. स्क्वॉट ८० किलो, पाचचे तीन सेट. डेडलिफ्ट १०० किलो, पाचचा एक सेट. डेडलिफ्टच्या दिवशी वॉर्मअपच्या हलक्या सेटलाच कंबर आवळून येते. सध्या सोयाबीनची सोंगणीही चालू आहे. ज्या दिवशी जी लिफ्ट, त्याप्रमाणे वॉर्मअप करा असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

कंबर हलक्या सेटला आवळते, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. बहुतेक मुलं फक्त 'डेडलिफ्टला कंबर दुखते' एवढंच सांगतात आणि मग शोधायला वेळ जातो. आधी एक गोष्ट मोजून घे. हलक्या सेटला रॉडला १० किलोच्या प्लेट लावत असशील. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणून रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. आपल्याकडच्या जिममधली १० किलोची लोखंडी प्लेट बहुधा ३० सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे रॉड जवळपास तीन इंच खाली जातो. त्या तीन इंचांसाठी तुला आणखी वाकावं लागतं, आणि मांडीमागची शीर जिथे संपते तिथून पुढे ते वाकणं कमरेतूनच होतं. पुढे १०० किलोला २० च्या मोठ्या प्लेट लागल्या की रॉड वर येतो आणि कंबर सरळ राहते. वजन वाढल्यावर त्रास कमी होतो, हे विचित्र वाटतं खरं, पण कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

उपाय सोपा आहे. हलक्या सेटला प्लेटखाली दोन्हीकडे सारख्या जाडीच्या लाकडी फळ्या ठेव, नाहीतर जिममधल्या वापरात नसलेल्या प्लेट आडव्या रच. विटा ठेवू नकोस, त्या फुटतात आणि रॉड एका बाजूला कलंडतो. टेप घेऊन रॉडच्या मध्यापर्यंत साडेबावीस सेंटीमीटर मोज. एकदा मोजून फळ्यांवर खूण केली की रोज मोजायला नको.

दुसरं कारण तुझ्या घड्याळात आहे. रात्रभर आडवं राहिलं की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण जरा उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त येतो. उभं राहून, चालून-फिरून पहिल्या तासाभरात त्यातलं बरंच पाणी निघून जातं. तू मात्र उठल्या उठल्या जिममध्ये पोहोचतोस, आणि तिथे पहिलं काम करतोस ते पाय सरळ ठेवून अंगठे धरायचं. सकाळी कमरेला सगळ्यात न मानवणारी हालचाल तीच. डेडलिफ्टच्या दिवशी उठणं आणि जड सेट यांच्यात किमान एक तास जाऊ दे. त्या तासात घरची कामं कर, चाल. गोठा झाडायचा असेल तर कंबर मोडून वाकू नकोस, गुडघे वाकवून खाली जा.

तिसरं कारण सोंगणी. विळा हातात घेऊन तासन् तास वाकलेलं असलं की पाठीमागचे सांध्यांचे पट्टे, म्हणजे लिगामेंट, हळूहळू ताणले जातात. उभं राहिलं की ते लगेच पूर्वपदावर येत नाहीत. काही भाग पहिल्या काही मिनिटांतच सावरतो, बाकीचा अर्ध्या तासानंतरही पूर्ण सावरलेला नसतो. तोपर्यंत कंबर थोडी सैल असते आणि तिला धरून ठेवायला स्नायूंना जास्त राबावं लागतं. तुला जे 'आवळणं' जाणवतं, ते बहुतेक त्या स्नायूंचं धरून बसणं आहे. ते आवळलंय म्हणून आणखी वाकून ताणलं की दोन मिनिटं मोकळं वाटतं आणि रॉड उचलला की दुप्पट आवळतं. व्हिडिओतलं स्ट्रेचिंग दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला उपयोगी पडत असेल. तुझं शरीर आधीच दिवसभर वाकलेलं आहे, त्याला वाकवायची गरज नाही.

आता डेडलिफ्टच्या दिवशी काय करायचं ते सांगतो. प्रत्येक लिफ्टला मी आधी एकच प्रश्न विचारतो: रॉड हातात किंवा खांद्यावर असताना कोणता सांधा हलला पाहिजे, आणि कोणता हलता कामा नये? डेडलिफ्टमध्ये खुबा हलला पाहिजे, कंबर हलता कामा नये. म्हणून वॉर्मअपही तेवढाच.

पहिली चार-पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या मार किंवा झपझप चाल. कपाळावर हलका घाम आला की थांब. नंतर जमिनीवर पोटावर झोप, तळहात खांद्याशेजारी ठेवून छाती वर उचल आणि कंबर सैल जमिनीकडे सोड. सावकाश सहा-आठ वेळा. दिवसभर वाकण्याच्या उलट दिशेला पाठ नेण्याचा हा साधा मार्ग आहे. हे करताना दुखत असेल तर जितकं न दुखता होईल तितकंच कर. मग पाठीवर झोपून गुडघे वाकव, टाचा रोवून नितंब वर उचल आणि वर दोन सेकंद थांब. असं दहा वेळा. इथे मांडीमागचा भाग पेटका आल्यासारखा आवळला तर टाचा नितंबांच्या आणखी जवळ घे. काम नितंबाने करायचंय.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच सोडतात. घरात तुरीची किंवा बांबूची सरळ काठी असेल, ती पाठीवर उभी धर. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. गुडघे थोडे सैल ठेव आणि बसायला मागे खुर्ची शोधतोस तसं नितंब मागे ढकलत वाक. ज्या क्षणी तीनपैकी एका ठिकाणची काठी सुटेल, तिथेच तुझी हद्द. तिथून परत ये. आठ-दहा वेळा. माकडहाडाकडची काठी लवकर सुटत असेल तर मांडीमागचा स्नायू आखूड आहे किंवा अजून तापला नाही. पुन्हा एकदा आठ वेळा करून पाहा. तो तापलेला नसेल तर दुसऱ्या फेरीत हद्द नक्की पुढे सरकते. खरंच आखूड असेल तर सरकत नाही, आणि मग रॉड त्या दिवशी आणखी एक फळी वर ठेवायचा.

शेवटी कंबर धरायची सवय ताजी करायची. हात-गुडघ्यांवर ये, उजवा हात आणि डावा पाय लांब कर, आठ सेकंद श्वास चालू ठेवून धर. दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा. पाठीवर पाण्याचा गिलास ठेवला तर सांडू नये इतकं स्थिर. हे थकण्यासाठी नाही, म्हणून जास्त वेळा करू नकोस.

एवढ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. पुढचा वॉर्मअप रॉडवरच होतो, आणि खरा वॉर्मअप तोच. तुझ्या १०० किलोसाठी मी असे सेट लावीन: ४० किलोला पाच, ६० ला चार, ७५ ला दोन, ९० ला एक, मग १०० चे पाच. वजनातल्या उड्या लहान होत जातात आणि रेप कमी होत जातात. ९० चा एकच रेप कमी वाटेल, पण त्याचं काम शरीराला जड वजनाची ओळख करून देण्याचं आहे. तिथे तीन-चार रेप मारले तर १०० च्या सेटमधली ताकद तू तिथेच खर्च केलीस. हलक्या सेटांच्या मध्ये मिनिटभर थांबलं तरी चालतं, ९० नंतर मात्र तीन मिनिटं दे. प्रत्येक रेपला रॉड जमिनीवर पूर्ण टेकव, पोटात श्वास भर, कंबर धर, मग उचल. ४० किलोलाही तसंच. हलकं आहे म्हणून ४० किलो वाकड्या पाठीने उचलणारा १०० किलोलाही तेच करतो.

रॉडच्या वजनाबद्दल एक गोष्ट बाजूला सांगतो. तालुक्याच्या जिममधला एक इंची रॉड २० किलोचा असेलच असं नाही, दहा-बारा किलोचेही पुष्कळ असतात. किराणा दुकानात किंवा अडतीवर मोठा काटा असतो, तिथे एकदा तोलून घे. तुझं १०० किलो खरं ९० असलं तर वरचे सगळे आकडे त्या प्रमाणात खाली आण. चौथा सेट खऱ्या वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिला म्हणजे झालं.

आता स्क्वॉटचा दिवस. इथे घोटा पुढे वाकला पाहिजे, खुबा खोल गेला पाहिजे आणि पाठीचा वरचा भाग सरळ होऊन खांदे मागे गेले पाहिजेत, म्हणजे रॉड धरता येतो. कंबर इथेही धरलेलीच. गावात वाढलेली मुलं टाचा टेकवून उकिडवी सहज बसतात, आणि त्यांना वाटतं की घोटे-खुबे मोकळेच आहेत. बऱ्याच अंशी ते खरंही असतं. पण उकिडवं बसताना मांडी पोटरीवर विसावते आणि कंबर गोल होते, त्यात काही वावगं नाही. रॉड खांद्यावर असताना तीच गोल कंबर चालत नाही. म्हणून उकिडवं बसता येतं एवढ्यावर भरवसा ठेवू नकोस, तपासून घे.

घोट्याची तपासणी अशी: भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभा राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेव, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव. टेकला तर घोट्यावर वेळ घालवायची गरज नाही, तो भाग वॉर्मअपमधून काढून टाक. टेकत नसेल तर पाय पुढे सरकवून किती अंतरावर टेकतो ते बघ. दोन पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या पायावर जास्त काम कर. मोटारसायकलवरून पडून घोटा मुरगळलेली मुलं इथे लगेच ओळखू येतात.

कमी असेल तर आणखी एक गोष्ट बघ: अडतं कुठे? मागे पोटरीत किंवा टाचेच्या शिरेत ताण जाणवत असेल तर हालचालीने फरक पडतो. पाय एका पायरीवर ठेव, गुडघ्यावर १० किलोची प्लेट टेकव, टाच न उचलता गुडघा बोटांच्या पुढे ने, दोन सेकंद थांब, परत ये. बारा-पंधरा वेळा. नंतर पुन्हा भिंतीशी मोज. एक-दोन सेंटीमीटर वाढलं तर हा व्यायाम तुझ्या कामाचा. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला, पावलाच्या वर, हाडावर हाड आपटल्यासारखं किंवा चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर ताणून काही होत नाही, उलट तो भाग चिडतो. अशा मुलाने टाचेखाली दोन सेंटीमीटरची लाकडी पट्टी ठेवून स्क्वॉट मारावा. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच साधारण तेवढीच उंच असते, म्हणून त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यानंतर १० किलोची प्लेट छातीशी दोन्ही हातांनी धरून खाली बस. कोपर गुडघ्यांच्या आत घालून गुडघे बाहेर ढकल, छाती वर ठेव आणि तळाशी दोन-तीन श्वास घे. असे पाच रेप पुरेत. बाजूने कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांग. माकडहाड कुठल्या खोलीवर आत वळायला लागतं ते बघ. आजच्या दिवसापुरती तुझी खोली त्याच्या थोडी वर.

खांद्यांसाठी दुपट्टा पुरतो. तो दोन्ही हातांनी भरपूर रुंद धर आणि कोपर सरळ ठेवून डोक्यावरून पाठीमागे ने, परत आण. आठ-दहा वेळा. खांदा पुढे टोचत असेल तर हात आणखी रुंद कर. ज्या आठवड्यात फवारणी असते त्या आठवड्यात हे सोडू नकोस. सोळा लिटरचा पंप भरून खांद्यावर घेतला की पट्टे खांद्यांना पुढे आणि खाली ओढतात, आणि दुसऱ्या दिवशी रॉड पाठीवर घेताना मनगट-कोपर दुखतं. मुलं मनगटाचे व्यायाम करत बसतात, मूळ अडचण मात्र खांदा मागे न जाण्याची असते.

स्क्वॉटच्या ८० किलोसाठी रिकामा रॉड आठ-आठचे दोन सेट, मग ४० ला पाच, ५५ ला तीन, ७० ला दोन, आणि मग तुझे तीन सेट. रिकाम्या रॉडचा दुसरा सेट पहिल्यापेक्षा खोल आणि सहज गेला पाहिजे. तसा गेला नाही तर पुढे जाऊ नकोस, रिकाम्या रॉडवरच तिसरा सेट मार. अमुक हालचाल उपयोगी आहे की नाही याचा निकाल मी व्हिडिओ पाहून कधी लावत नाही, या दोन सेटांमधल्या फरकावरून लावतो. दोन आठवडे एखादी हालचाल केली आणि रिकाम्या रॉडच्या स्क्वॉटमध्ये काहीच फरक दिसला नाही, तर ती टाकून द्यायची. असं केलं की तुझा अर्धा तास आपोआप बारा-पंधरा मिनिटांवर येईल, आणि ८० किलोपर्यंत पोहोचताना तू थकलेला नसशील.

बेंचच्या दिवसाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुझी तक्रार नाही. सायकलची जुनी ट्यूब कापून छातीसमोर दोन्ही हातांनी बाजूला ओढ, पंधरा वेळा, दोन फेऱ्या. मग आठ-दहा जोर सावकाश मार. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आपल्या भागात जोर-बैठका कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. जोर मारताना खांद्याची पाती पूर्ण मोकळी फिरतात, म्हणून बेंचच्या आधी त्याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही दिसत नाही. मात्र पन्नास जोर मारून बेंचवर जाऊ नकोस, तो वॉर्मअप राहत नाही.

ताणून धरण्याच्या स्ट्रेचिंगबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या अर्ध्या तासात ते बरंच असणार. एखादा स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला की लगेच नंतरच्या लिफ्टमध्ये त्याची ताकद थोडी उतरते. वीस-तीस सेकंदांपर्यंत धरलं तर फारसा फरक पडत नाही. लांब स्ट्रेचिंग करायचंच असेल तर व्यायामानंतर किंवा रात्री झोपायच्या आधी कर. मांडीमागची शीर खरंच आखूड निघाली तर रात्री पाठीवर झोपून एक पाय दुपट्ट्याने वर ओढून धर. त्यात कंबर जमिनीला टेकलेली राहते.

हवामानाप्रमाणे फक्त पहिला भाग बदलायचा. डिसेंबर-जानेवारीत टिनाच्या जिममध्ये पहाटे रॉड हाताला बर्फासारखा लागतो. तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं आठ-दहा कर आणि तिसऱ्या सेटपर्यंत स्वेटर काढू नकोस. मे महिन्यात सकाळी सातलाही घाम येतो, तेव्हा दोन मिनिटं पुरतात. पण घाम आला म्हणजे वॉर्मअप झाला असं समजून रॉडवरचे सेट गाळू नकोस. उन्हाने कातडी तापते, रॉड कसा उचलायचा याची तयारी उन्हाने होत नाही.

सोंगणी संपेपर्यंत तुझा आठवडा असा ठेव. ज्या दिवशी वावरात जायचं नाही, किंवा आदल्या दिवशी वाकण्याचं काम कमी होतं, तो दिवस डेडलिफ्टचा. असा दिवसच मिळत नसेल तर रॉड गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच ठेवून ८० किलोचे पाच मार आणि थांब. संध्याकाळी वावरातून आल्या आल्या डेडलिफ्ट कधीच नको. घरी येऊन चहा घे, तासभर जाऊ दे, त्यात दहा मिनिटं चाल. सोंगणीत स्वतः ताठ उभं राहण्याचा एक नियम कर. सरी संपली की उभा राहून दोन्ही हात कमरेवर ठेव आणि चार-पाच वेळा मागे झुक. दिवसभरात असं जितकं होईल तितकी दुसऱ्या दिवशीची कंबर हलकी मिळते.

फळ्या, तासभराचं अंतर आणि काठीचा व्यायाम, हे तिन्ही केल्यावर दोन-तीन डेडलिफ्टच्या दिवसांत आवळणं बरंच कमी झालं पाहिजे. नाही झालं तर बाजूने काढलेला ४० किलोच्या सेटचा व्हिडिओ पाठव, फळ्या दिसतील असा. पण दुखणं कमरेतून पायात, गुडघ्याच्या खाली उतरत असेल, खोकताना किंवा शिंकताना कळ जात असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलायला कमजोर वाटत असेल, तर व्हिडिओ नको आणि रॉडही नको. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. आणि जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठ.